दहावी भूमिती: फोटोतल्या आकृतीत तिरकस उंची दिली आहे, मग घनफळ कसं काढायचं?

पेन्सिलबॉक्स | रात्री ९:१२

लेकीच्या शिकवणीच्या ग्रुपवर एका गणिताचा फोटो आला आहे, उद्या सोडवून न्यायचं आहे. वहीच्या पानाचा फोटो आहे, जरा तिरका काढलेला, आणि डावीकडे कुणाच्या तरी हाताची सावली पडली आहे. खाली वृत्तचिती, तिच्यावर टोपीसारखा बसवलेला शंकू. तळाच्या रेषेवर दोन्हीकडे बाण असून १४ लिहिलं आहे. शंकूच्या उतारालगत २५. आणि डाव्या बाजूला एक उभी बाणांची रेषा, तिच्यावर ६४. तिचं वरचं टोक नेमकं सावलीत गेलंय.

प्रश्नाची ओळ अशी दिसते: "आकृतीत शंकूची तिरकस उंची दिली आहे. त्यावरून घनाकृतीचे घनफळ व ... पृष्ठफळ काढा." पृष्ठफळाच्या आधीचा शब्द पानाच्या घडीत गेला आहे. सगळी मापं सेमी.

लेकीचं उत्तर ७२८९.३३ आलं, मैत्रिणीचं ७३९२. दोघींनी १४ हा व्यासच धरला आहे. फरक कुठून आला?

---

गोळाबेरीज | रात्री ९:३०

ताई, सोपं आहे. त्रिज्या ७. शंकूची उंची २५ दिलीच आहे. एकूण उंची ६४, म्हणून वृत्तचितीची उंची ६४ − २५ = ३९. वक्रपृष्ठफळाचं सूत्र πrl, त्यात २५ घालायचे, ५५० येतात. घनफळ १/३ πr²h, त्यातही २५. वृत्तचितीचं ६००६, शंकूचं १२८३.३३, बेरीज ७२८९.३३. तुमच्या लेकीचंच बरोबर आहे.

---

काटकोन | रात्री ९:४८

गोळाबेरीज, तुमचं अर्धं बरोबर आहे. πrl मध्ये २५ घातले ते योग्यच. पण तेच २५ घनफळात आणि वजाबाकीत चालणार नाहीत. २५ हे माप शिरोबिंदूपासून उतारावरून घसरत तळाच्या कडेपर्यंतचं आहे. घनफळाला लागते ती शिरोबिंदूपासून तळाच्या केंद्रापर्यंतची सरळ उभी उंची. ती चित्रात लिहिलेली नाही, काढावी लागते.

शंकू मधोमध उभा कापला आहे असं समजा. त्रिज्या, उभी उंची आणि उतार मिळून काटकोन त्रिकोण होतो, उतार हा त्याचा कर्ण. म्हणून

h² = २५² − ७² = ६२५ − ४९ = ५७६, h = २४

म्हणजे वृत्तचितीची उंची ६४ − २४ = ४०. आता घनफळ. πr² = १५४ एकदाच काढून ठेवा, दोन्हीकडे तेच लागतं. वृत्तचिती १५४ × ४० = ६१६०. शंकू १५४ × २४ ÷ ३ = १२३२. बेरीज ७३९२ घसेमी. मैत्रिणीचं उत्तर.

लेकीची चूक एकच आहे, पण ती दोन ठिकाणी उमटली. शंकूचं घनफळ थोडं जास्त आलं आणि वृत्तचितीची उंची एकने कमी झाली. दोन्ही चुका उलट दिशेच्या, म्हणून बेरजेत फरक शंभराच्या आसपासच दिसतो. अशी चूक नजरेला खटकत नाही, हाच तिचा त्रास.

---

फूटपट्टी | रात्री १०:०५

इतकं कशाला? फोटो प्रिंट करा, पट्टी लावा. २५ ची रेषा किती सेमी भरते ते बघा, त्या प्रमाणात उभी उंची मोजा. उत्तर हातात. मी माझ्या मुलाला असंच शिकवतो, निदान पडताळा तरी होतो.

---

काटकोन | रात्री १०:२१

नका हो. पडताळ्यालाही नको.

एक म्हणजे वहीतली आकृती प्रमाणात काढलेली नसते. इथे वृत्तचिती १४ रुंद आणि ४० उंच आहे. खरी काढली तर ती रुंदीच्या जवळजवळ तिप्पट उंच, नळकांड्यासारखी दिसेल. ताई, फोटोत ती तशी दिसते का? मला वाटतं बुटकी, डब्यासारखी असेल. आकडे लिहायला जागा राहावी म्हणून सगळे तशीच काढतात.

दुसरं म्हणजे फोटो तिरका आहे. मोबाइल कागदावर नेमका समांतर नसला की दूरची बाजू आखडते. याची खूण सोपी: वृत्तचितीच्या दोन उभ्या कडा कागदावर समांतर असतात. फोटोत वरची रुंदी आणि खालची रुंदी मोजून पाहा. वेगळ्या आल्या तर फोटोतली उभी आणि आडवी मापं एकाच पट्टीने मोजता येत नाहीत.

तिसरी गोष्ट फार लोक लक्षात घेत नाहीत. तळाचं वर्तुळ आपण लंबवर्तुळ म्हणून काढतो, कारण शंकू जरा वरून पाहिल्यासारखा दाखवायचा असतो. त्या चित्रात बाहेरची तिरकी रेषा लंबवर्तुळाच्या अगदी टोकाला मिळत नाही, थोडी अलीकडेच स्पर्श करून जाते. त्यामुळे कागदावर दिसणाऱ्या तिरक्या रेषेची लांबी प्रमाणबद्ध चित्रातही खऱ्या तिरकस उंचीइतकी नसते. आकृतीतून घ्यायचं ते इतकंच की कोणता आकडा कोणत्या रेषेचा. लांबी आकड्यातून घ्यायची, रेषेतून नाही.

---

पेन्सिलबॉक्स | रात्री १०:३४

हो, बुटकीच आहे! रुंदी आणि उंची जवळपास सारखीच दिसते.

---

पत्र्याचं_काम | रात्री १०:५०

आमचा धंदा पत्र्याचा. चिमणीच्या टोप्या, गाळणी, धान्याच्या कोठीची झाकणं करतो. सूत्र आम्हाला पाठ नाही, पण πrl कुठून आलं ते हाताला माहीत आहे, म्हणून लिहितो.

शंकू उसवून सपाट पसरला की वर्तुळाचा तुकडा निघतो. त्या तुकड्याची त्रिज्या म्हणजे तिरकस उंची, इथे २५. आणि त्याची गोल कड तळाच्या वर्तुळाला बरोबर गुंडाळली पाहिजे. २५ त्रिज्येच्या अख्ख्या वर्तुळातला किती भाग लागेल? ७ भागिले २५, म्हणजे कोन १००.८ अंश. म्हणून पत्रा कापताना उभी उंची आम्ही विचारतच नाही. कंपास २५ वर लावायचा, १०१ अंशाच्या जवळपास आखायचं आणि जोडाला बोटभर पट्टी वेगळी सोडायची.

गिऱ्हाईक "टोपी २५ उंच पाहिजे" म्हणतं तेव्हा मी आधी विचारतो, उतारावर की उभी? त्याला वाटतं वाद घालतोय.

---

काटकोन | रात्री १०:५८

वा. तुमचाच हिशेब पुढे नेतो. २५ त्रिज्येच्या अख्ख्या वर्तुळाचं क्षेत्रफळ π × ६२५. त्याचा ७/२५ भाग म्हणजे π × १७५, म्हणजे ५५०. हेच πrl.

---

शिवारातला | रात्री ११:१५

माझा प्रश्न जरा येगळा हाय, पण शंकूचाच. लातूरकडचा आहे मी. खळ्यावर सोयाबीनची रास लावलीय, अगदी टोकदार शंकू. व्यापारी बघून म्हणाला चौदा-पंधरा क्विंटल भरंल. माझ्या हिशोबानं तीस. एवढा फरक कसा?

मी टेपनं मोजलंय. घेर ९.४ मीटर. आणि टेप या कडंपासून राशीच्या डोक्यावरून त्या कडंपतुर टाकला, ३.४ मीटर. निम्मा केला, १.७ उंची. घेरावरून त्रिज्या दीड मीटर. कॅल्क्युलेटरवर १/३ πr²h केलं तर चार घनमीटर आलं. दहा लिटरची बादली भरून काट्यावर ठिवली, नुसतं सोयाबीन साडेसात किलो भरलं. म्हंजे तीस क्विंटल. कुठं चुकतंय सांगा की.

---

काटकोन | रात्री ११:३१

भाऊ, तुमचा प्रश्न वेगळा नाही, हाच आहे. टेप राशीच्या अंगावरून गेला, म्हणजे तुम्ही तिरकस उंची मोजली. तिला उभी उंची धरून घनफळ काढलंत.

१.७ चा वर्ग २.८९, दीडचा वर्ग २.२५. वजाबाकी ०.६४. वर्गमूळ ०.८. रास डोक्यापाशी फक्त ८० सेंटीमीटर उंच आहे. खळ्यावर उभं राहून बघा, मांडीपर्यंत येते की गळ्यापर्यंत?

घनफळ १/३ × ३.१४ × २.२५ × ०.८ = सुमारे १.८८ घनमीटर. तुमच्याच बादलीच्या वजनानं घनमीटरला साडेसात क्विंटल, म्हणजे चौदा क्विंटल आणि वर थोडं. व्यापारी या वेळी खरं बोलतोय.

आता वर गोळाबेरीज यांच्या चुकीशी ताडून पाहा. पुस्तकातला शंकू उंच आणि निमुळता: तिरकस २५, उभी २४. तिथे एकाऐवजी दुसरी घेतली तर शंकूचं घनफळ शेकडा चारने चुकतं. तुमची रास चपटी: तिरकस १.७, उभी ०.८. तिथे तीच चूक दुपटीच्या वर गेली. शाळेतले शंकू बहुतेक निमुळते असतात, म्हणून मुलांना ही चूक किरकोळ वाटते.

---

शिवारातला | रात्री ११:४०

मांडीपतुरच येतीय 🙂 बरं झालं भांडलो न्हाई.

---

जुनी_वही | रात्री ११:५५

राशीवरून राहवलं नाही. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ. स. ११५०) राशिव्यवहार म्हणून वेगळं प्रकरणच आहे, धान्याच्या राशी मोजण्याचं. तिथे त्रिज्या काढत बसत नाहीत. घेराचा सहावा भाग घ्या, त्याचा वर्ग करा, उंचीने गुणा, झालं घनफळ. आणि उंचीसाठीही ढोबळ नियम: जाड धान्याच्या राशीची उंची घेराच्या दहाव्या भागाइतकी, बारीक धान्याची अकराव्या, कुसळं असलेल्या धान्याची नवव्या. धान्य जितकं एकमेकांत अडकतं तितकी रास उभट राहते.

भाऊंच्या राशीचा घेर ९.४. अकरावा भाग साधारण ८५ सेंटीमीटर, मोजून आली ८०. त्या काळी इकडे सोयाबीन नव्हतं, तरी किती जवळ!

---

काटकोन | रात्री १२:१०

छान आठवण. फक्त हे लक्षात ठेवा की घेराच्या सहाव्या भागाचा नियम π = ३ धरल्यावर निघतो. भाऊंच्या राशीला उंची ०.८ धरून तो लावला तर १.९६ येतात, खऱ्यापेक्षा शेकडा पावणेपाचच्या आसपास जास्त. वरखाली सौद्यात हा फरक कुणाच्या तरी खिशात जातो.

---

गोळाबेरीज | सकाळी ७:२०

रात्री पुन्हा करून पाहिलं, घनफळात उभी उंची हे पटलं. पण मला दुसरी शंका आहे. ६४ ही एकूण उंची कशावरून? ती नुसत्या वृत्तचितीची असू शकते. तसं धरलं तर वृत्तचिती १५४ × ६४ = ९८५६, अधिक शंकू १२३२, एकूण ११०८८. हेही सुटसुटीत पूर्णांकात येतं. काटकोन सर म्हणतात ४०, कारण उत्तर नीट येतं म्हणूनच ना?

---

काटकोन | सकाळी ८:०५

चांगला पकडलात मला. नाही, उत्तर नीट आलं म्हणून नव्हे. मी ६४ एकूण धरली कारण तुम्हीही वजाबाकी केली होती आणि मी ती तशीच पुढे नेली. फोटोतून ते सिद्ध होत नाही.

७, २४, २५ हे त्रिकूट जमलं, त्यावरून १४ व्यास आणि २५ तिरकस असल्याचा भरवसा वाढतो. १४ ला त्रिज्या धरलं असतं तर उभी उंची ४२९ च्या वर्गमुळाइतकी, २०.७ च्या आसपास आली असती, शालेय गणितात असं क्वचित देतात. पण ६४ च्या बाबतीत दोन्ही वाचनं स्वच्छ आकडे देतात. πr² पूर्णांक आला की कुठलीही पूर्णांक उंची त्यात छान बसते. तेव्हा इथे आकड्यांचा सुटसुटीतपणा काहीच सांगत नाही. बाणाचं टोक शिरोबिंदूच्या पातळीत आहे की शंकूच्या तळाच्या, एवढंच बघायचं.

ताई, मूळ फोटो ज्यांनी टाकला त्यांना पुन्हा काढायला सांगता येईल का? दिवा बाजूला ठेवून, मोबाइल बरोबर वरून धरून, पानाचे चारही कोपरे चौकटीत येतील असा. घडी हाताने सपाट करून.

---

पेन्सिलबॉक्स | सकाळी ९:४०

नवा फोटो आला. बाणाचं वरचं टोक शिरोबिंदूच्या रेषेत आहे, तिथून एक बारीक तुटक आडवी रेषाही निघते. म्हणजे ६४ पूर्ण उंची. ७३९२ पक्कं.

पण घडीतला शब्द अजून वाचता येत नाही. शाई फिसकटली आहे. "वक्र" किंवा "एकूण", दोन्ही वाटतं.

---

गोळाबेरीज | सकाळी ९:५२

एकूण असेल तर दोन्हींची एकूण पृष्ठफळं काढून मिळवा. वृत्तचिती 2πr(r + h), शंकू πr(r + l).

---

पत्र्याचं_काम | सकाळी १०:०३

मिळवू नका. जोडाच्या जागी पत्रा नसतोच. वृत्तचितीचं वरचं झाकण आणि शंकूचा तळ एकमेकांत गेले. असं मोजून पत्रा आणला तर दोन वर्तुळं उरतील.

---

काटकोन | सकाळी १०:१५

अगदी. वक्र असेल तर वृत्तचितीचं २ × २२/७ × ७ × ४० = १७६० आणि शंकूचं ५५०, मिळून २३१० चौसेमी. एकूण असेल तर त्यात फक्त खालचा तळ, १५४, म्हणजे २४६४. गोळाबेरीज यांच्या रीतीने २७७२ येतील, ३०८ जास्त, म्हणजे नेमकी ती दोन लपलेली वर्तुळं.

लेकीला दोन्ही लिहू द्या: आधी वक्र २३१०, मग पुढच्या ओळीत "तळासह २४६४". शब्द कोणता होता ते शिकवणीतच कळेल.

---

फूटपट्टी | सकाळी १०:४०

आणि तळ जमिनीवर टेकलेला असेल तर? तंबूसारखा? तेव्हा एकूण म्हटलं तरी तळ धरत नाहीत.

---

काटकोन | सकाळी १०:४४

तंबू, कनात असं काही प्रश्नात लिहिलं असेल तर नाही धरायचा. इथे "घनाकृती" म्हटलं आहे, म्हणून मी धरेन. काही जण नाही धरणार.

---

शिवारातला | सकाळी ११:२०

अजून एक. शेजारच्याची रास गोदामाच्या भिंतीला टेकून हाय, अर्धाच शंकू. आणि पुन्हा टेप टाकताना मी जरा ढिला धरला तर ३.५ भरला. दहा सेंटीमीटरनं काय फरक पडतोय?

---

काटकोन | दुपारी १२:०५

फरक पडतो. ३.५ चा निम्मा १.७५, वर्ग ३.०६, वजा २.२५, वर्गमूळ ०.९. उंची ८० वरून ९० वर गेली, म्हणजे तुमच्या राशीत पावणेदोन क्विंटल हवेतून वाढले. चपट्या राशीत तिरकस आणि त्रिज्या जवळजवळ सारख्याच असतात, आणि दोन जवळच्या वर्गांची वजाबाकी केली की टेपची लहानशी ढिलाई फुगून उंचीत उतरते. टेप ताणून धरला तरी राशीचं डोकं थोडं गोलसर असतं, ती चूक वेगळीच.

म्हणून राशीला तिरकस मोजूच नका. एक सरळ बांबू राशीच्या डोक्यावर आडवा, पाणसळ लावून धरा, आणि कडेपाशी जमिनीपासून बांबूपर्यंत उभं माप घ्या. तीच h, वर्गमूळ नको आणि वजाबाकी नको. वहीत तिरकस देतात कारण त्यांना पायथागोरस तपासायचा असतो.

भिंतीच्या राशीला कडेचा घेर अर्धाच मिळतो, त्याला ३.१४ ने भागलं की त्रिज्या. मग पूर्ण शंकूचं घनफळ काढून निम्मं करा. भिंतीलगत डोकं नेमकं भिंतीला टेकलेलं आहे ना, की एक-दीड वीत पुढे, तेवढं बघा. पुढे असेल तर निम्म्यापेक्षा जास्त भरेल, आणि ते किती, याला सरळ सूत्र नाही.

---

शिवारातला | दुपारी १२:३०

पुढंच हाय डोकं. हातभर.

---

जुनी_वही | दुपारी १:१०

लीलावतीत भिंतीला टेकलेल्या, कोपऱ्यातल्या आणि बाहेरच्या कोपऱ्याला लागलेल्या राशींचेही नियम आहेत. पण तिथेही डोकं भिंतीलाच टेकलेलं धरलं आहे असं माझं वाचन. हातभर पुढचं कुणी सोडवलं असेल तर लिहा.